हा नंबर अजून तुमचाच आहे का?

गुगलच्या खात्यात Security Checkup नावाचं एक पान असतं. फोनच्या सेटिंगमध्ये गुगल, मग खातं, मग सुरक्षा असं आत शिरत गेलं की ते सापडतं. संगणकावर थेट myaccount.google.com/security-checkup असं टाकलं तरी उघडतं. पानावर चार-पाच विभाग दिसतात: खातं कोणकोणत्या उपकरणांवर उघडं आहे, अडकल्यावर सुटायचे मार्ग कोणते, कोणते पासवर्ड साठवले आहेत, कोणती ॲप जोडलेली आहेत. काळजीचं काही नसेल तर हिरवी खूण, सुचवण्यासारखं काही असेल तर निळी, लक्ष घालायला हवं असेल तर पिवळी, आणि ताबडतोब काही करायला हवं असेल तर लाल.

बहुतेक लोक हे पान उघडतात, हिरवं दिसलं की बंद करतात. पण ती खूण नेमकं काय सांगते? रिकव्हरी नंबर भरलेला आहे, एवढं ती सांगते. तो नंबर आज कोणाच्या खिशात आहे हे गुगलला माहीत नसतं. ते फक्त खात्याच्या मालकाला माहीत असतं, आणि त्याला कोणी ते विचारलेलं नसतं.

साताऱ्याला राहणाऱ्या माझ्या मावशीचं खातं मागच्या दिवाळीत आम्ही दोघींनी मिळून असं तपासलं. मावशी जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाली. खातं २०१२ सालचं, भाच्याने सायबर कॅफेत बसून काढून दिलेलं. तेव्हापासून पेन्शनची कागदपत्रं, विजेचं बिल, रेल्वेची तिकिटं, नातवंडांचे फोटो, सगळं त्याच खात्यात येत गेलं. पानावर एकच लाल खूण होती, पासवर्डांच्या विभागात. बाकी सगळं हिरवं.

उपकरणांचा विभाग लवकर उरकला. तिथे मावशीच्या फोनखाली ठिकाण म्हणून मुंबई दिसलं आणि ती घाबरली. त्यात घाबरण्यासारखं काही नसतं. हे ठिकाण इंटरनेटच्या पत्त्यावरून काढलेला अंदाज असतो. मोबाइल कंपनीची वाहतूक ज्या शहरातून बाहेर पडते ते शहर तिथे उमटतं, त्यामुळे साताऱ्यातला फोन मुंबईत किंवा पुण्यात दिसू शकतो. ठिकाणापेक्षा उपकरणाचं नाव आणि शेवटच्या वापराची तारीख पाहावी. त्या यादीत मावशीचा जुना फोनही होता, आणि तो मागच्याच आठवड्यात वापरलेला दिसत होता. तो तिने कामाला येणाऱ्या बाईंच्या मुलाला अभ्यासासाठी दिला होता, खातं आतच ठेवून. मुलाचा काही दोष नाही. तीन ठिपके दाबून त्या फोनवरून साइन आउट केलं आणि पुढे गेलो.

सुटकेच्या मार्गांवर मात्र आमची अर्धी दुपार गेली.

रिकव्हरी नंबर काकांचा होता. काका जाऊन चार वर्षं झाली. त्यांचं प्रीपेड सिम नंतर कोणी रिचार्ज केलं नाही. आपल्याकडे असा पडून राहिलेला नंबर कंपनी काही काळाने बंद करते, आणि बंद केलेला नंबर कायमचा बाद होत नाही. बंद झाल्यावर किमान ९० दिवस तो नव्या ग्राहकाला देत नाहीत, असं दूरसंचार नियामक ट्रायने सर्वोच्च न्यायालयात सांगितलं होतं. ९० दिवसांनंतर तो कोणालाही मिळू शकतो. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये न्यायालयाने हेच मान्य केलं आणि जुन्या नंबरशी जोडलेली आपली माहिती काढून घेणं ही ग्राहकाची जबाबदारी आहे, असं म्हटलं.

"काकांच्या नंबरवर फोन लावून बघ," मी म्हटलं.

"अगं, तो बंदच असणार."

तिने लावला. नाशिकच्या एका मुलाने उचलला, "कोण पाहिजे?" म्हणून विचारलं. मावशीने "चुकून लागला, बाळा" म्हणून ठेवून दिला आणि बराच वेळ फोनकडे बघत बसली.

त्या मुलाला मावशीचं खातं उघडता आलं असतं का? नुसत्या नंबरावर बहुधा नाही. पासवर्ड विसरलो म्हणणाऱ्याला गुगल फक्त ओटीपी विचारून आत घेतंच असं नाही. मागणी ओळखीच्या फोनवरून येते आहे का, नेहमीच्या जागेवरून येते आहे का, हेही ते पाहतं. पण दाराचं एक कुलूप परक्याच्या हातात होतं एवढं खरं. याची उलटी बाजू मला जास्त गंभीर वाटते, कारण ती रोज कोणाच्या ना कोणाच्या वाट्याला येते. उद्या मावशीच पासवर्ड विसरली, फोनही हरवला, तर तिच्या सुटकेचा ओटीपी नाशिकला गेला असता. चोरापेक्षा विसरण्यामुळे खाती जास्त जातात असा माझा तरी समज आहे.

नंबर बदलताना दोन गोष्टी ध्यानात आल्या. एक म्हणजे, गुगलमध्ये फोन नंबर एकाच जागी नसतो. रिकव्हरीसाठीचा नंबर वेगळा नोंदलेला असतो आणि टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा वेगळा. एक बदलला म्हणून दुसरा आपोआप बदलत नाही. मावशीच्या टू-स्टेपमध्ये दोन नंबर होते, तिचा आणि पुन्हा काकांचाच. तिथूनही तो काढला. दुसरी गोष्ट, नंबर बदलल्यावर पुढचे सात दिवस गुगल जुन्या नंबरवरही कोड पाठवायचा पर्याय देऊ शकतं. पहिल्यांदा ऐकून हा गलथानपणा वाटतो, पण त्यामागे विचार आहे. चोराने आत शिरून नंबर बदलला तर खऱ्या मालकाला परत यायला एक आठवडा मिळतो. मावशीच्या बाबतीत मात्र तो आठवडा नाशिकच्या बाजूने होता. त्यामुळे नंबर बदलायचं काम सिम हातात असतानाच करावं. जुनं सिम बंद पडायच्या आत नवा नंबर घालावा, नंतर आठवलं की घालू म्हणू नये.

रिकव्हरी ईमेलची कथाही याच वळणाची. तिथे भाच्याचा कॉलेजातला याहूचा पत्ता होता. २०१३ मध्ये याहूने वर्षभराहून अधिक काळ न वापरलेले पत्ते मोकळे करून नव्या लोकांना द्यायचं जाहीर केलं होतं, आणि जुन्या मालकांची पत्रं नव्या मालकांकडे जाऊ लागल्याच्या तक्रारीही तेव्हा झाल्या. भाच्याचा पत्ता तसा दुसऱ्याला गेला की नाही हे बाहेरून कळायला मार्ग नाही. म्हणून परीक्षा साधी ठेवावी: त्या पत्त्याच्या पेटीत आज, आत्ता, शिरता येतं का? भाच्याला फोन केला, त्याला पासवर्ड आठवेना. म्हणजे तो पत्ता काढायचा. तिथे मावशीच्या मुलीचा रोज वापरात असलेला पत्ता घातला.

गुगलने २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये आणखी एक मार्ग जाहीर केला, Recovery Contacts. यात विश्वासातल्या माणसाला मदतनीस नेमता येतं. आपण बाहेर अडकलो की आपल्या पडद्यावर एक आकडा दिसतो. तो आपण त्या माणसाला सांगायचा. त्याच्या फोनवर काही आकडे येतात, त्यातला बरोबर तो निवडायचा. त्या माणसाला आपलं खातं उघडता येत नाही की आपली पत्रंही दिसत नाहीत. मावशीने मला नेमलं. मी तिला एकच अट घातली, आकडा मेसेजवर पाठवायचा नाही. मी स्वतः तिला फोन लावणार, तिचा आवाज ऐकणार, मगच निवडणार. कारण फसवणारा माणूस आता मावशीला नाही, मला गाठायचा प्रयत्न करेल.

आणि कागदावरची सोय. टू-स्टेपच्या पानावर बॅकअप कोड मिळतात. एका वेळी दहा, प्रत्येकी आठ आकड्यांचे, प्रत्येक कोड एकदाच चालतो. फोन हरवला, सिम बंद पडलं, तरी पासवर्डासोबत यातला एक कोड चालतो. ते छापून मावशीने पेन्शनच्या फायलीत ठेवले.

आता ती लाल खूण. साठवलेले पासवर्ड गुगल तीन कसोट्यांवर घासतं: कुठे फुटले आहेत का, एकच पासवर्ड अनेक ठिकाणी वापरला आहे का, आणि ओळखायला सोपा आहे का. फुटल्याचं कळतं कसं, हा प्रश्न मावशीने लगेच विचारला. "म्हणजे गुगल माझे पासवर्ड वाचतं?" निरनिराळ्या संकेतस्थळांवरून चोरीला गेलेल्या नाव-पासवर्डांच्या जोड्या गुगलने गोळा केलेल्या आहेत. २०१९ मध्ये ही तपासणी सुरू झाली तेव्हाच त्या चारशे कोटींवर होत्या. तुलना करताना आपली जोडी उघडी पाठवली जात नाही. तिचं उलगडता न येणारं रूप करून त्याचा एक तुकडा पाठवला जातो, त्या तुकड्याशी जुळणाऱ्या चोरीच्या जोड्या गुप्त रूपातच परत येतात, आणि शेवटचा ताळा आपल्या उपकरणावर होतो.

मावशीचा एक लाडका पासवर्ड होता, समजा Gauri@1958, आणि तो विजेच्या बिलापासून साडीच्या दुकानापर्यंत सगळीकडे होता. ज्या साइटवरून तो फुटला ती तिला आठवतही नव्हती. "साडीच्या दुकानाचा पासवर्ड कळून कोणाचं काय भलं होणार?" तिचा हा प्रश्न अगदी रास्त आहे, आणि त्याचं उत्तर झोमॅटोच्या प्रकरणात आहे.

२०१७ च्या मे महिन्यात झोमॅटोतून सुमारे १ कोटी ७० लाख ग्राहकांची माहिती चोरीला गेली. चोर आत कसा शिरला हे कंपनीने नंतर स्वतःच लिहून जाहीर केलं. सुरुवात झोमॅटोत झालीच नव्हती. 000webhost नावाची फुकट वेबसाइट ठेवायला जागा देणारी एक सेवा होती, तिच्या ग्राहकांचे पासवर्ड २०१५ मध्ये फुटले. त्यात झोमॅटोच्या एका प्रोग्रामरचं खासगी खातं होतं. त्याने तोच ईमेल आणि तोच पासवर्ड गिटहबवर वापरला होता, जिथे प्रोग्रामर आपला कोड ठेवतात. तिथे दुसरी पायरी, म्हणजे ओटीपीसारखं काही, लावलेलं नव्हतं. चोराने फुटलेली जोडी गिटहबवर लावून पाहिली, ती लागली, कोड हाती आला. कोड वाचून त्याने झोमॅटोच्या व्यवस्थेतली एक फट शोधली आणि तिथून ग्राहकांच्या माहितीपर्यंत पोचला. फुकटच्या साइटवरचा एक पासवर्ड, कोणाला त्याचं काय, असं तोही म्हणाला असता.

तेव्हा लाल आणि 'पुन्हा वापरलेला' या दोन यादींत मी दुसरीला जास्त मानते. फुटण्याची बातमी उशिरा येते. 000webhost चं फुटणं आणि झोमॅटोची चोरी यात दीड वर्षाहून जास्त काळ गेला होता. एकच पासवर्ड दहा ठिकाणी असेल तर एक फुटला की दहाही फुटले, ते कळेल तेव्हा कळेल.

इथे लोक एक ठरावीक गोष्ट करतात आणि निर्धास्त होतात. गुगलच्या यादीत पासवर्डावर टिचकी मारली की 'बदला'सारखा एक पर्याय दिसतो. तिथे नवा पासवर्ड लिहिला की फक्त गुगलने जपून ठेवलेली नोंद बदलते. विजेच्या साइटवरचा पासवर्ड जसाच्या तसा राहतो. उलट आता नोंद चुकीची झाल्याने पुढच्या वेळी आत जाताच येत नाही. पासवर्ड त्या त्या साइटवर जाऊनच बदलायचा असतो. तिथे बदलला की क्रोम स्वतःहून विचारतं, नवा साठवू का? तेव्हा हो म्हणायचं. यादीतून नोंद पुसणं हाही तसाच प्रकार आहे, नोंद जाते, साडीच्या दुकानातलं खातं राहतं.

सगळे पासवर्ड एका बैठकीत बदलायला गेलो असतो तर मावशी कंटाळून उठली असती. आधी खुद्द जीमेलचा, कारण बाकी सगळ्या ठिकाणचे 'पासवर्ड विसरलात?' हे पत्र तिथेच येतं. मग पैशांशी संबंध असलेले. मग ज्यात घरचा पत्ता आणि आधार आहे ते. साडीचं दुकान शेवटी. नवे पासवर्ड क्रोमलाच सुचवू दिले, त्यामुळे आता दोन पासवर्ड सारखे असण्याचा प्रश्न उरला नाही.

बँकेचा पासवर्ड या यादीत नव्हता. तो मावशीच्या डायरीत आहे, आणि डायरी कपाटात. ही तपासणी फक्त साठवलेल्या पासवर्डांची होते, डायरीतल्यांचा तिला पत्ता नसतो. पण डायरीला हसू नये. परदेशात बसलेल्या चोराला साताऱ्यातलं कपाट उघडता येत नाही. फक्त तो पासवर्ड दुसरीकडे कुठेही नाही ना, एवढं मी तिला विचारून घेतलं.

जोडलेल्या ॲपच्या विभागात पासवर्डाचा संबंधच नसतो, आणि म्हणून तो लोकांना कळत नाही. ३ मे २०१७ रोजी जगभर अनेकांना ओळखीच्या माणसाकडून एक पत्र आलं, गुगल डॉक्सवरचा एक कागद पाहायला बोलावणारं. टिचकी मारली की गुगलचंच पान उघडायचं, खरंखुरं. त्यावर 'Google Docs' नावाचं एक ॲप तुमची पत्रं वाचायची, पाठवायची आणि संपर्क पाहायची परवानगी मागायचं. ते ॲप गुगलचं नव्हतं, कोणी तरी त्या नावाने बनवलेलं होतं. परवानगी दिली की ते तुमच्या संपर्कांतल्या सगळ्यांना तेच पत्र तुमच्या नावाने पाठवायचं. गुगलने तासाभरात ते थांबवलं आणि झळ ०.१ टक्क्याहून कमी जीमेल वापरणाऱ्यांना बसली, असं सांगितलं. कोणाचाही पासवर्ड चोरीला गेला नव्हता. किल्ली मालकाने स्वतःच दिली होती. त्याच वर्षी जुलैमध्ये गुगलने न तपासलेल्या ॲपसाठी ठळक इशारा दाखवायला सुरुवात केली.

त्यामुळे या यादीत ॲपचं नाव वाचू नये, त्याखाली काय परवानगी दिली आहे ते वाचावं. 'Sign in with Google' एवढंच असेल तर त्या ॲपला सहसा नाव, ईमेल आणि फोटो मिळतो, आत यायला ओळख म्हणून. ती सोय मला तरी बरी वाटते. झोमॅटोच्या चोरीत कंपनीने सांगितलं होतं की तिचे ६० टक्के ग्राहक गुगल किंवा फेसबुकवरून आत येतात, त्यांचा पासवर्ड कंपनीकडे नाहीच, त्यामुळे फुटण्याचा प्रश्नही नाही. धोका आहे तो ड्राइव्ह, जीमेल, संपर्क, फोटो अशा शब्दांत. मावशीच्या यादीत कागद स्कॅन करायचं एक ॲप होतं. त्याला ड्राइव्हमधल्या सगळ्या फायली पाहायची, बदलायची आणि पुसायचीही मुभा होती. पेन्शनचे कागद, आधारची प्रत, घराचा उतारा, सगळं तिथेच.

"पण ते ॲप मी केव्हाच काढून टाकलं," मावशी म्हणाली.

फोनवरून काढलं होतं. फोनवरून ॲप उडवल्याने ही परवानगी संपत नाही, कारण ती फोनमध्ये नसून खात्यात असते. पासवर्ड बदलल्यानेही सगळ्या परवानग्या तुटत नाहीत. पत्रांशी संबंधित असलेल्या तुटतात, ड्राइव्हच्या किंवा संपर्कांच्या टिकून राहू शकतात. त्या इथूनच, एकेक करून, काढाव्या लागतात. आम्ही स्कॅनरची काढली, कुंडली सांगणाऱ्या एका ॲपला दिलेली संपर्कांची काढली, फोटो छापणाऱ्या दुकानाची राहू दिली कारण ती अजून वापरात आहे. परवानगी काढल्याने पुढचं थांबतं. जे त्या ॲपने आधीच उचलून नेलं असेल ते त्याच्याकडेच राहतं. ते पुसायला त्या कंपनीकडेच मागणी करावी लागते. कुंडलीवाल्यांना मावशीने तसं पत्र लिहिलं, शाळेच्या पत्रासारखं, विषय आणि संदर्भ घालून.

यानंतर पान पूर्ण हिरवं झालं, तरी मी तिला संगणकावर जीमेल उघडायला लावलं, कारण फॉरवर्डिंग फोनच्या ॲपमधून दिसत नाही. सेटिंगमध्ये 'Forwarding and POP/IMAP' आणि 'Filters and Blocked Addresses' ही दोन पानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहून घ्यावीत. खात्यात एकदा शिरलेला माणूस इथे एक नियम लावून जातो, बँकेची पत्रं अमुक पत्त्यावर पाठव आणि इथली पुसून टाक. मग पासवर्ड बदलला तरी त्याला पत्रं मिळतच राहतात. मावशीच्या फॉरवर्डिंगमध्ये एक पत्ता निघाला. शाळेच्या कार्यालयाचा. मुख्याध्यापिका असताना तिनेच लावून घेतला होता, पंचायत समितीची पत्रं लिपिकालाही मिळावीत म्हणून. निवृत्तीनंतरची सहा वर्षं तिचं प्रत्येक पत्र, बँकेच्या विवरणासकट, त्या कार्यालयातही पोचत होतं. तिने लगेच तिथल्या लिपिकाला फोन लावला आणि आधी त्याच्या मुलीच्या लग्नाची चौकशी केली.